सोसायटीच्या खर्चातला कुणाचा वाटा किती: पाच वर्षांचा शंभर टक्के स्टॅक्ड कॉलम चार्ट

सप्टेंबर उजाडला की मुंबईतल्या सोसायट्यांमध्ये वार्षिक सर्वसाधारण सभेची गडबड सुरू होते, कारण ती ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते. सभेत एक प्रश्न हमखास येतो: ‘वॉचमनवरच सगळा पैसा जातोय का?’ हा प्रश्न रकमेचा नाही, वाट्याचा आहे. एकूण खर्चापैकी सुरक्षेवर किती टक्के गेले आणि गेल्या पाच वर्षांत हे प्रमाण बदललं का, एवढंच सभासदाला कळायला हवं असतं. शंभर टक्के स्टॅक्ड कॉलम चार्ट नेमका याच कामाचा आहे. दर वर्षाचा एक कॉलम, सगळे कॉलम सारख्याच उंचीचे, आणि प्रत्येकाच्या आत खर्चाच्या बाबींचे थर.

उंची सारखी ठेवल्यामुळे वाटे शेजारीशेजारी ताडून बघता येतात. पण त्यापायी एकूण रक्कम चित्रातून पुसली जाते. अठरा लाखांचं वर्ष आणि बत्तीस लाखांचं वर्ष एकाच मापाचं दिसतं. या चार्टच्या बऱ्याचशा गफलती इथूनच निघतात, म्हणून खालचं उदाहरण मुद्दाम तसंच बेतलं आहे. आकडे नमुन्याचे आहेत, हजार रुपयांत.

| वर्ष | सुरक्षा व सफाई | पालिकेची देणी | वीज व लिफ्ट | दुरुस्ती | इतर | एकूण |
|---|---|---|---|---|---|---|
| २०२०-२१ | ७२० | ४८० | ३०० | १८० | १२० | १८०० |
| २०२१-२२ | ७५६ | ४९४ | ३३० | २०० | १२० | १९०० |
| २०२२-२३ | ८०० | ५०० | ३६० | २४० | १०० | २००० |
| २०२३-२४ | ८४० | ५२० | ३८० | १३४० | १२० | ३२०० |
| २०२४-२५ | ८८० | ५४० | ४०० | २६० | १२० | २२०० |

पालिकेची देणी म्हणजे पाणीपट्टी आणि मालमत्ता कर. २०२३-२४ मध्ये गच्चीचं वॉटरप्रूफिंग झालं, त्याचे ११ लाख दुरुस्तीत धरले आहेत.

आकडे शीटमध्ये भरताना

एक्सेलमध्ये A1 रिकामा ठेवा. B1 ते F1 मध्ये बाबींची नावं, A2 ते A6 मध्ये वर्षं आणि B2 ते F6 मध्ये रकमा भरा. रकमा इंग्रजी अंकांतच टाका. अकाउंटिंग सॉफ्टवेअरमधून उचललेले आकडे कधीकधी मजकूर म्हणून येतात. असा आकडा खान्यात डावीकडे चिकटून बसतो, `SUM` त्याला मोजत नाही आणि चार्टमध्ये तो शून्य धरला जातो. थर गायब झाला तर पहिल्यांदा हेच बघा.

A1 रिकामा ठेवायचा तो अशासाठी, की वर्षं नुसती `2021`, `2022` अशी लिहिली असतील आणि वर ‘वर्ष’ असं शीर्षक असेल, तर एक्सेल वर्षांनाही रक्कम समजून त्यांचा वेगळा थर काढू शकतं. `2020-21` असं लिहिलं तर तो धोका नाही. जुन्या वर्षांत मात्र वेगळीच गंमत होते. `2011-12` टाइप केलं की एक्सेल ते डिसेंबर २०११ समजतं आणि खान्यात `Dec-11` उमटतं. `2009-10` चा ऑक्टोबर होतो. `2012-13` पासून पुढे ही अडचण नाही, कारण तेरावा महिना नसतो. त्याआधीची वर्षं घ्यायची असतील तर A कॉलम निवडून त्याचा फॉरमॅट आधी `Text` करा आणि मगच वर्षं टाइप करा. आधी टाइप करून नंतर फॉरमॅट बदललात तर `Dec-11` च्या जागी 40878 असा आकडा दिसेल. तो त्या तारखेचा एक्सेलमधला क्रमांक.

आता G कॉलम. G2 ते G6 मध्ये एकूण खर्च भरायचा, पण सूत्र लावून नाही. ऑडिट झालेल्या उत्पन्न-खर्च पत्रकात जो आकडा आहे तो हाताने टाका. मग H2 मध्ये हे सूत्र लिहून H6 पर्यंत खाली ओढा:

```
=G2-SUM(B2:F2)
```

H मध्ये पाचही ठिकाणी शून्य आलं पाहिजे. ही पायरी कंटाळवाणी वाटते, पण टाळू नका. शंभर टक्के चार्ट चूक लपवतो. एखाद्या वर्षी लिफ्टचा वार्षिक करार भरायचा राहिला, तरी उरलेले थर ताणले जाऊन कॉलम पुन्हा वरपर्यंत पोचतो आणि चित्र धडधाकट दिसतं. साध्या स्टॅक्ड चार्टमध्ये कॉलम बुटका राहिला असता आणि निदान शंका तरी आली असती. इथे पहारा H कॉलमचाच.

आकडे जुळले तरी वर्गवारी जुळते का, ते वेगळं बघावं लागतं. खजिनदार बदलले की खर्चाची खाती बदलतात. सफाईचा पगार आधी ‘इतर’मध्ये टाकला जात होता आणि पुढे सुरक्षेबरोबर दाखवायला लागले, तर चार्टमध्ये सुरक्षेचा वाटा एकदम फुगतो आणि ‘इतर’ तेवढाच आकसतो. एक थर जितका चढला जवळजवळ तितकाच दुसरा उतरला आणि बाकीचे जागचे हलले नाहीत, तर खर्च वाढल्याचा निष्कर्ष काढण्याआधी व्हाउचर उघडा. पाचही वर्षं एकाच वर्गवारीत बसवल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

टक्क्यांचा तक्ता

मूळ रकमांवरून थेट चार्ट काढता येतो आणि थरांची उंची बरोबरच येते. अडचण आकडे दाखवताना येते. एक्सेल कॉलम चार्टच्या लेबलांमध्ये टक्केवारी दाखवण्याचा पर्याय देत नाही. तो पाय चार्टला आहे. त्यामुळे अक्षावर टक्के आणि थरांवर 720, 480 अशी खिचडी होते. यावर सोपा उपाय म्हणजे टक्क्यांचा वेगळा तक्ता करून चार्ट त्याच्यावरूनच काढायचा.

नववी ओळ शीर्षकांची. A9 रिकामा ठेवा, B1 ते F1 मधली नावं B9 ते F9 मध्ये आणा. B10 मध्ये हे सूत्र:

```
=B2/$G2
```

ते उजवीकडे F पर्यंत आणि खाली चौदाव्या ओळीपर्यंत ओढा. G च्या आधी डॉलर हवाच, नाहीतर उजवीकडे ओढताना भाजक सरकतो आणि `#DIV/0!` किंवा भलतेच आकडे येतात. खान्यांना `Percentage` फॉरमॅट द्या, दशांश शून्य.

A10 मध्ये नुसतं वर्ष न लिहिता वर्षाखाली एकूण रक्कमही येऊ द्या:

```
=A2&CHAR(10)&"₹"&TEXT(G2/100,"0")&" लाख"
```

हे सूत्रही A14 पर्यंत खाली ओढा. आकडे हजारांत असल्यामुळे शंभराने भागलं की लाख मिळतात. `CHAR(10)` मुळे चार्टच्या अक्षावर रक्कम वर्षाच्या खालच्या ओळीत उतरते: वर 2023-24, खाली ₹32 लाख. चित्रातून पुसली गेलेली रक्कम परत आणायचा इतका स्वस्त मार्ग दुसरा नाही.

सूत्रात `ROUND` घालायचा मोह आवरा. २०२०-२१ चे वाटे ४०, २६.७, १६.७, १० आणि ६.७ टक्के आहेत. पूर्णांकात दाखवले की ४०, २७, १७, १०, ७, म्हणजे बेरीज १०१. सभेत कुणीतरी ही बेरीज करतंच. म्हणून आकडे पूर्ण ठेवा, फक्त दिसताना दशांश लपवा आणि चार्टखाली एक ओळ लिहा: ‘टक्के पूर्णांकात दिल्याने बेरजेत एकाचा फरक दिसू शकतो.’ एखाद्या थरातून गुपचूप एक टक्का कापून १०० जुळवणं हा उपाय नव्हे.

चार्ट काढणं

A9 ते F14 निवडा. `Insert` टॅबमध्ये `Insert Column or Bar Chart` वर क्लिक करा आणि `2-D Column` मधलं तिसरं चित्र, `100% Stacked Column`, घ्या. शेजारचा `3-D` प्रकार घेऊ नका. तिरक्या कॉलममध्ये थराची कड नेमकी कुठे संपते ते कळत नाही.

खाली वर्षांऐवजी बाबींची नावं आली, तर `Chart Design` मध्ये `Switch Row/Column` दाबा. आपल्या तक्त्यात पाच वर्षं आणि पाच बाबी असल्याने एक्सेलने कुठली बाजू धरली हे एकदा बघूनच घ्यावं.

निवडताना बेरजेचा कॉलम चुकून आत आला, तर चार्ट निघतो पण साफ चुकीचा निघतो. ओळखायची खूण सोपी: सगळ्यात वरचा थर प्रत्येक वर्षी बरोबर अर्धा कॉलम व्यापतो आणि ५० टक्क्यांवर आडवी सरळ रेघ दिसते. एकूण रक्कम ही बाकी सगळ्यांच्या बेरजेइतकीच असल्याने दुसरं काही होऊ शकत नाही. `Select Data` मध्ये जाऊन ती मालिका काढून टाका.

कॉलमच्या थरावर डबल क्लिक केलं की उजवीकडे `Format Data Series` उघडतं. तिथे `Gap Width` ६० टक्क्यांच्या आसपास आणा. कॉलम रुंद झाले की आतले आकडे मावतात आणि शेजारच्या वर्षाशी तुलना करताना नजरेला लांब उडी मारावी लागत नाही. `Series Overlap` १०० टक्केच असू द्या. ते कमी झालं तर थर एकमेकांवरून घसरून पायऱ्यांसारखे दिसतात.

कुठला थर तळाला

इथे थोडा वेळ द्यावा, कारण चार्ट वाचता येणार की नाही ते इथेच ठरतं. तळाचा थर शून्यापासून सुरू होतो, त्यामुळे त्याची वरची कड पाच वर्षं सलग बघितली की वाढ-घट लगेच दिसते. सगळ्यात वरचा थर १०० च्या रेषेला टेकलेला असतो, म्हणून त्याचीही खालची कड वाचता येते. मधले थर अधांतरी. त्यांची सुरुवातच दर वर्षी वेगळ्या उंचीवर होते.

वीज व लिफ्टचंच बघा. २०२०-२१ मध्ये हा वाटा १६.७ टक्के होता, २०२४-२५ मध्ये १८.२ टक्के झाला. म्हणजे वाढला. पण चार्टवर त्याची वरची कड ८३.३ वरून ८२.७ वर आली आहे, म्हणजे खाली. कारण त्याच्याखालची पालिकेची देणी २६.७ वरून २४.५ वर उतरली आणि वीज व लिफ्टचा थर त्यांच्यासकट खाली सरकला. मागच्या रांगेतून स्क्रीन बघणारा सभासद कडच बघतो, जाडी मोजत बसत नाही, आणि लिफ्टचा वाटा घटला असं समजून घरी जातो.

म्हणून ज्या बाबीवर चर्चा होणार ती तळाला ठेवायची. प्रश्न वॉचमनचा असेल तर सुरक्षा व सफाई तळाला. एक्सेलमध्ये तक्त्यातली डावीकडची पहिली बाब तळाला जाते आणि शेवटची माथ्यावर, त्यामुळे क्रम बदलायचा तर `Select Data` मधले बाण वापरा. दुसरी महत्त्वाची बाब असेल तर ती माथ्यावर न्या. ‘इतर’ला माथ्याची जागा देणं हा रिवाज आहे, पण ‘इतर’ कुणाला वाचायचं नसतं. आपल्या उदाहरणात दुरुस्ती माथ्यावर ठेवली तर चार्ट जास्त बोलतो. एकाच चित्रात तीन बाबींची तुलना नीट दाखवायची असेल तर हा चार्ट सोडा आणि टक्क्यांचा साधा रेषालेख काढा.

बाबी पाच-सहाच्या वर नेऊ नका. टपालखर्च, बँक शुल्क, गणपतीची वर्गणी असे बारीक तुकडे ‘इतर’मध्ये घ्या.

आकडे आणि रंग

प्रत्येक थर निवडून `Add Data Labels` करा. आपला तक्ताच टक्क्यांचा असल्यामुळे लेबलंही टक्क्यांत येतात. फार पातळ थरात आकडा मावत नाही आणि शेजारच्या थरावर चढतो. अशी लेबलं एकेक करून पुसण्याऐवजी `Format Data Labels` मध्ये `Number` खाली `Custom` निवडून हा कोड `Add` करा:

```
[<0.04]"";0%
```

चार टक्क्यांखालचे आकडे आपोआप लपतात. २०२३-२४ मधला ‘इतर’ ३.७५ टक्के आहे, तो असा लपेल.

रंगांचा नियम एकच: चर्चेतली बाब ठळक, बाकी फिकट. सुरक्षेला गडद निळा आणि उरलेल्या चारांना करड्याच्या वेगवेगळ्या छटा देऊन बघा. थरांना पांढरी बारीक कड दिली की शेजारच्या दोन छटा एकमेकींत मिसळत नाहीत. सोसायटीच्या नोटीस बोर्डावर शेवटी झेरॉक्सच लागते आणि लाल-हिरवा तिथे सारखाच करडा होतो. म्हणून आधी एक झेरॉक्स काढून थर वेगळे ओळखू येतात का ते बघा.

२०२३-२४ चा कॉलम

आता चार्ट समोर ठेवा. सुरक्षा व सफाईचा थर तीन वर्षं ४० टक्क्यांवर ठाम आहे, २०२३-२४ मध्ये धाडकन २६ टक्क्यांवर येतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा ४० वर चढतो. चित्रावरून वाटेल की त्या वर्षी वॉचमन कमी केले आणि नंतर परत वाढवले. प्रत्यक्षात खर्च आठ लाखांवरून ८ लाख ४० हजारांवर गेला होता. वाढलाच होता. गच्चीच्या ११ लाखांनी एकूण आकडा फुगवला आणि बाकी सगळ्यांचे वाटे दाबले गेले.

वाट्यांची बेरीज शंभरच राहायची असल्याने एक थर फुगला की उरलेल्यांना आकसावंच लागतं. हे घडलंय हे ओळखायची खूण अशी, की एक थर सोडून बाकी सगळे एकाच वर्षी एकाच प्रमाणात बारीक होतात. इथे सुरक्षा ४० वरून २६, पालिकेची देणी २५ वरून १६, वीज १८ वरून १२. तिघेही साधारण एक तृतीयांशाने उतरले. खरी काटकसर अशी मापून मिळत नसते.

यावर दोन गोष्टी करता येतात. पहिली म्हणजे तळाच्या थरात टक्क्यांबरोबर रक्कमही द्यायची. I2 मध्ये `=TEXT(B2/100,"0.0")&" लाख"` लिहून I6 पर्यंत ओढा. मग त्या थराच्या `Format Data Labels` मध्ये `Value From Cells` वर खूण करून I2 ते I6 द्या, `Value` ची खूण तशीच ठेवा आणि `Separator` मध्ये `(New Line)` निवडा. आता २६ टक्क्यांच्या वरच 8.4 लाख दिसतं आणि वाद तिथेच मिटतो. ही सोय एक्सेल २०१३ पासून आहे.

दुसरी, आणि मला जास्त पटणारी, म्हणजे एकदाचा मोठा खर्च वगळून दुसरा चार्ट काढायचा. वॉटरप्रूफिंग बाजूला ठेवलं तर २०२३-२४ चा नियमित खर्च २१ लाख उरतो, आणि वाटे येतात सुरक्षा ४०, पालिकेची देणी २५, वीज १८, दुरुस्ती ११, इतर ६. सुरक्षेचा थर पाचही वर्षं जवळजवळ सपाट दिसतो, आणि सभासदाच्या प्रश्नाचं उत्तर तेच आहे. फक्त ‘गच्चीचे ११ लाख वगळून’ हे शब्द शीर्षकातच हवेत, तळटीपेत नाहीत. तळटीप कापून चित्र व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरायला वेळ लागत नाही.

शीर्षकही ‘खर्चाचे विश्लेषण’ असं गुळमुळीत नको. ‘नियमित खर्चात सुरक्षा व सफाईचा वाटा पाच वर्षं ४० टक्क्यांच्या आसपास (गच्चीचे ११ लाख वगळून)’ असं लिहा.

विम्याचा परतावा किंवा जादा बिलाची वजावट ऋण आकड्यात नोंदलेली असेल, तर तो थर शून्याच्या खाली लटकतो आणि ‘वाटा’ या शब्दाला अर्थच उरत नाही. अशी रक्कम त्या-त्या खर्चातून आधीच वजा करा. वजा करूनही आकडा ऋणच राहत असेल तर हा चार्ट त्या माहितीसाठी नाही. आणि मधल्या एखाद्या वर्षाचा हिशेब मिळत नसेल तर त्या वर्षाची ओळ ठेवा, फक्त रकमा रिकाम्या सोडा, आणि टक्क्यांच्या तक्त्यातली त्या ओळीची सूत्रं पुसून तिथे नुसतं वर्ष लिहा. ती गाळली तर दोन वर्षांचं अंतर एका वर्षाइतकं दिसतं.

गुगल शीट्स किंवा लिब्रेऑफिस असेल तर

गुगल शीट्समध्ये `Insert`, मग `Chart`, आणि `Chart type` मध्ये `100% stacked column chart`. बाबी आणि वर्षांची अदलाबदल झाली असेल तर `Setup` मध्ये `Switch rows / columns` वर खूण करा. टक्क्यांचा तक्ता इथेही तसाच वापरा. लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये `Column` प्रकारातला `Percent Stacked` घ्यायचा. तिथे लेबलांमध्ये टक्केवारी दाखवण्याची सोय आहे, त्यामुळे मूळ रकमांवरून काढलेला चार्टही चालतो. भाजकाची तपासणी मात्र तिथेही H कॉलमनेच करा.

चित्र बाहेर काढताना चार्टच्या रिकाम्या जागेवर राइट क्लिक करून `Save as Picture` ने पीएनजी करा. अक्षरं १४ पॉइंटपेक्षा लहान ठेवू नका, कारण ग्रुपवर टाकलेलं चित्र दाबून लहान होतं आणि पहिला बळी अक्षाखालच्या ‘₹32 लाख’चा जातो.